एक राहिलेलं बक्षीस

मुलांनो, पन्नाशी गाठलीत तरी मला तुम्ही मुलंच. टेंभी नाक्यावरच्या आपल्या शाळेत हस्ताक्षर स्पर्धेचं परीक्षण मी बरीच वर्षं केलं. सुरुवातीला नजरेत भरेल त्या पानाला पहिला नंबर, एवढीच माझी रीत.

तुमच्या वर्षी पहिलं आलेलं पान मी वर्गात एकाला वाचायला दिलं. ‘दूत रवाना झाला’ हे त्याने ‘दूत खाना झाला’ असं वाचलं. वर्ग हसला, मी ओशाळले. र आणि व इतके चिकटले होते की त्यांचा ख झाला होता.

घरी जाऊन पहिली दोन पानं पुन्हा तपासली. उतारा एकच होता. शेजारणीला मोठ्याने वाचायला लावलं आणि ती अडखळेल तिथे खूण केली. पहिल्या पानावर सात खुणा, दुसऱ्यावर एक. मग शब्दांमधली जागा पाहिली. एक अक्षर मावेल एवढी पुरते, पण ती ओळभर सारखी हवी. शेवटी दोन्ही पानांवरचे सगळे ल शोधले. पहिल्यात पाकळीचा आणि दंडाचा ल आलटून पालटून. दुसऱ्यात सगळे एका वळणाचे. पानभर एकच हवा.

प्रशस्तिपत्रकं तोवर वाटून झाली होती. ते दुसरं पान लिहिणारी मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाळ, तुझा पहिला नंबर माझ्याकडे राहिला होता. आज देते.