०.४ गुणांचा निर्णय



एका नगरपरिषदेला पाणीपुरवठा योजनेच्या आराखड्यासाठी सल्लागार संस्था नेमावयाची आहे, तीन संस्थांच्या निविदा दाखल झाल्या आहेत, आणि त्यांतील एकीची शिफारस करणारा अहवाल मूल्यमापन समितीने लिहावयाचा आहे, असे आपण समजू. नळ किंवा सिमेंट घ्यावयाचे असते तर ठरविलेल्या प्रतीचा माल देणाऱ्यांत सर्वांत कमी दर कोणाचा, एवढे पाहून भागले असते; परंतु आराखड्यातील चूक योजना पुरी होऊन उंचावरच्या वस्तीत पाणी चढेनासे झाले म्हणजेच उघडकीस येते, म्हणून येथे गुणवत्ता आणि किंमत ही दोन्ही तोलावी लागतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागारांच्या निवडीसाठी ही रीत दिलेली असून, गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधनही तेथे आहे.

आपल्या समितीने निविदा मागवितानाच जाहीर केले होते, की तांत्रिक १०० गुणांपैकी २० पूर्वानुभवाला, ३० कार्यपद्धतीला आणि ५० नेमावयाच्या तज्ज्ञांना मिळतील. ७० पेक्षा कमी गुण मिळविणारी संस्था अपात्र ठरेल. आणि अंतिम बेरजेत तांत्रिक गुणांचा भार ७० टक्के, तर दराचा ३० टक्के राहील. तांत्रिक लिफाफे उघडून तपासणी झाली, तेव्हा पहिल्या संस्थेला ८८, दुसरीला ८० आणि तिसरीला ६४ गुण पडले. तिसरी अपात्र ठरली. उरलेल्या दोघींचे दराचे लिफाफे उघडले, तो पहिलीची मागणी ५० लाखांची आणि दुसरीची ४० लाखांची. सर्वांत कमी दराला १०० गुण आणि इतरांना त्याच्या प्रमाणात, या हिशेबाने दुसरीला १०० आणि पहिलीला ८० गुण मिळाले. भार लावून बेरीज केली असता पहिली ८५.६ वर आणि दुसरी ८६ वर आली. शिफारस दुसरीची झाली, ती अवघ्या ०.४ गुणांनी.

इतक्या सूक्ष्म अंतरावर उभा असलेला निर्णय कोणकोणत्या ठिकाणी डळमळू शकतो, हे ज्याला कळले, त्याला अहवालात काय लिहावयाचे हेही कळते. पहिले ठिकाण भारांचे. हाच भार ८० आणि २० असा असता तर पहिलीला ८६.४ व दुसरीला ८४ गुण मिळून निकाल उलटला असता. म्हणून लिफाफे उघडल्यानंतर भारांना हात लावणे म्हणजे विजेता आधी निवडून हिशेब मागाहून मांडणे होय.

दुसरे ठिकाण अधिक गूढ आहे. अपात्र ठरलेल्या तिसऱ्या संस्थेच्या लिफाफ्यात समजा २५ लाखांचा दर होता, आणि कोणी कुतूहलाने तो उघडून हिशेबात धरला, तर सर्वांत कमी दर तोच ठरून दुसरीचे दराचे गुण ६२.५ आणि पहिलीचे ५० होतात, दोघींमधील अंतर २० वरून १२.५ वर येते, आणि एकूण बेरजेत पहिली ७६.६, तर दुसरी ७४.७५ होते. शर्यतीत नसलेल्याने शर्यतीचा निकाल फिरविला! यास्तव अपात्राचा दर-लिफाफा न उघडता परत करणे, ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे.

तिसरे ठिकाण समितीच्या स्वतःच्या लेखणीचे. पहिल्या संस्थेला तांत्रिक तपासणीत एक गुण अधिक मिळता, तर तिची बेरीज ०.७ ने वाढून ८६.३ झाली असती आणि शिफारस तिचीच झाली असती. तेव्हा प्रत्येक गुणाचे कारण शब्दांत नोंदविले पाहिजे. ‘अभियंता अनुभवी आहे’ हा शेरा कोणालाही लागू पडतो, आणि म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘तीन समान योजनांचे आराखडे केले, त्यांपैकी दोन कार्यान्वित झाल्या, परंतु जलशुद्धीकरणाचा अनुभव दाखविलेला नाही, म्हणून १५ पैकी ११’ असा शेरा मात्र मूळ कागदांशी रुजवात घालून तपासता येतो. सभासदांनी आधी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, नंतर एकत्र बसावे, आणि ज्याने चर्चेनंतर आपला गुण बदलला त्याने बदलाचे कारण लिहावे. कोऱ्या जागेवर मागाहून भरलेले सारखे आकडे दप्तरात लपत नाहीत.

उद्या पहिली संस्था येऊन विचारील, की ८८ गुण मिळवूनही आम्ही का हरलो. तिच्यापुढे तीन कागद ठेवता आले पाहिजेत: निविदेबरोबर छापलेला भारांचा तक्ता, कारणांसह गुणांची नोंद, आणि तिसऱ्या संस्थेने आपला लिफाफा लाखेची मोहोर अभंग असल्याचे पाहून परत घेतल्याची पोच. मग ०.४ हे अंतर किती लहान, हा प्रश्न उरत नाही. तो हिशेब त्या संस्थेला स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहता येतो.