झोपेतून उठलेला लॅपटॉप आणि पिवळा त्रिकोण

नारायण पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जेवणानंतर लॅपटॉप उघडावा, तर वाय-फायच्या खुणेवर पिवळा त्रिकोण! वाय-फाय जोडलेलं, पण इंटरनेट नाही. राउटर प्रत्येक यंत्राला भाड्याच्या खोलीसारखा, ठरावीक मुदतीचा पत्ता देतो. लॅपटॉप झोपलेला असताना मुदत संपली, तर जागा झाल्यावर तो नवा पत्ता मागतो. अभ्यासिकेत मोबाइलच इतके, की कधी पत्तेच उरत नाहीत. उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावर इंटरनेट चालत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig लिहून पाहा. तोच आकडा दिसला, तर वाय-फाय बंद करून पुन्हा लावा. तरीही तेच, तर राउटरमधली मुदत कमी करायला सांगा. पत्ता 192.168 असा असेल, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये.