क्रियापद कुणाचं ऐकतं?

एक गाळलेली जागा तुमच्यापुढे ठेवतो. ‘पांढरकवड्याच्या बाजारात आलेल्या कापसाच्या बंड्यांची रांग जिनिंगच्या फाटकाबाहेर ___.’ पर्याय दोन आहेत : लांबली आणि लांबल्या. बरीच मुलं ‘लांबल्या’ लिहितात. त्यांच्या डोळ्यांपुढे बंड्या उभ्या असतात आणि बंड्या पुष्कळ आहेत. पण लांबली ती रांग. बंड्या ‘ची’ला बांधलेल्या आहेत, आणि प्रत्ययाला बांधलेलं नाम मराठीत क्रियापदाला हुकूम देऊ शकत नाही.

आजचा माझा विषय एवढाच आहे : मराठी क्रियापद वाक्यातल्या कुठल्या शब्दाप्रमाणे बदलतं, आणि ते मुलांना नीट कळावं म्हणून सराववाक्यं कशी रचावीत. हा विषय आपण पुष्कळदा इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांतून उचलतो. तिथले धडे ठरलेले : समूहवाचक नाम, ‘हा किंवा तो’ असा कर्ता, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये घुसलेला शब्दसमूह. इंग्रजीत ते धडे योग्यच आहेत. तिथे नामाला विभक्तीची खूण नसते, ‘आंब्यांची पेटी’ म्हणायचं तर पेटी आधी येते आणि आंबे तिच्यामागून क्रियापदाला जाऊन भिडतात, म्हणून मूल आंब्यांना फसतं. मराठीत पेटी शेवटी येते, बहुतेक वेळा क्रियापदाच्या जवळच. तेच धडे मराठीत जसेच्या तसे आणले, तर जिथे मुलं अडखळतच नाहीत तिथे सराव होतो आणि जिथे खरंच अडखळतात ती जागा कोरी राहते.

मराठीचा मूळ नियम आपण शाळेत प्रयोगांच्या नावाने शिकलो. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 सालचं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. प्रयोगांची चर्चा इतकी जुनी आहे. पण मुलाला कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं पाठ करायला लावण्याआधी त्यामागची एकच गोष्ट सांगावी. क्रियापद ज्या नामाला प्रत्यय नाही त्याचं ऐकतं. कर्ता मोकळा असेल तर कर्त्याचं : ‘बैल पळाला, गाय पळाली.’ कर्त्याला ‘ने’ लागला तर मोकळ्या कर्माचं : ‘तिने बैल हाकलला, तिने गाय हाकलली.’ दोघांनाही प्रत्यय लागले तर क्रियापदाला ऐकायला कुणी उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं : ‘तिने बैलाला हाकललं, तिने गाईंना हाकललं.’ इथे गाई कितीही असोत, ‘हाकललं’ बदलत नाही.

म्हणून मुलांना मी एक कृती देतो. वाक्यातल्या प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलेल्या प्रत्येक नामावर पेन्सिलीने रेघ मारा. पहिल्या वाक्यात ‘पांढरकवड्याच्या’, ‘बाजारात’, ‘कापसाच्या’, ‘बंड्यांची’, ‘जिनिंगच्या’, ‘फाटकाबाहेर’ हे सगळं जातं. ‘आलेल्या’ हे बंड्यांचं विशेषण, ते बंड्यांबरोबर जातं. उरते रांग. उत्तर : लांबली.

ही कृती तीन ठिकाणी अपुरी पडते आणि ती ठिकाणं मुलांना दाखवलीच पाहिजेत. पहिलं, ‘मी’ आणि ‘तू’. यांना ‘ने’ दिसत नाही, तरी ‘मी भाकरी खाल्ली’ हे वाक्य पुरुष बोलला काय आणि बाई बोलली काय, ‘खाल्ली’ तसंच राहतं. ‘मी’ मोकळा दिसतो, पण आतून तो ‘मी ने’च आहे. दुसरं, काळ सांगणारे शब्द. ‘बंड्यांची रांग तीन दिवस हलली नाही.’ इथे ‘तीन दिवस’ला प्रत्यय नाही, तरी ‘हलले’ होत नाही, कारण ‘तीन दिवस’ हे ‘किती वेळ?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. तिसरं, माप. ‘जिनिंगमधून दहा गाठी कापूस रवाना झाला’, पण ‘कापसाच्या दहा गाठी रवाना झाल्या’. कापसाची एक गाठ 170 किलोची, दोन्ही वाक्यांत माल तेवढाच आहे. पहिल्या वाक्यात गाठी हे माप आहे आणि कापूस मोकळा आहे. दुसऱ्यात कापूस ‘च्या’ने बांधला गेला आणि गाठींकडे हुकूम आला. ही जोडी मला फार उपयोगी वाटते. एकदा ती कळली की ‘दोन क्विंटल तूर विकली’ आणि ‘चार एकर ऊस जळाला’ आपोआप सुटतात.

इथेच सराववाक्यं रचणाऱ्याने सावध राहावं. समजा मी लिहिलं : ‘पाच पोती तूर ___.’ मुलाने ‘विकली’ लिहिलं. त्याने तूर पाहून लिहिलं की पोती पाहून? सांगता येत नाही. तूर स्त्रीलिंगी एकवचनी, तिचं ‘विकली’. पोती नपुंसकलिंगी अनेकवचनी, त्यांचंही ‘विकली’च. मूल चुकलं तरी उत्तर बरोबर येतं. भूतकाळाचे सहा साचे फळ्यावर मांडा : आला, आली, आलं, आले, आल्या, आली. ‘आली’ दोनदा आलं. ज्या वाक्यात चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर सारखंच दिसतं ते वाक्य सरावातून काढून टाकावं, मग ते कितीही सुंदर असो. भविष्यकाळाचंही असंच. ‘येईल’ला लिंग नाही, फक्त वचन आणि पुरुष आहे. लिंग तपासायचं असेल तर भविष्यकाळात प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आता ‘किंवा’. ‘भाऊ किंवा बहीण शेतात ___ असेल.’ मराठी माणूस इथे जवळच्या शब्दाचं ऐकतो : ‘भाऊ किंवा बहीण आली असेल’, ‘बहीण किंवा भाऊ आला असेल’. ‘मी नाही तर तू जाशील’, ‘तू नाही तर मी जाईन’ हेही तसंच. ‘आणि’ आला की माणसांच्या बाबतीत बेरीज होते : ‘तू आणि मी जाऊ’, ‘तू आणि तो जाल’. त्यात ‘मी’ असेल तर ‘मी’चा पुरुष, नसेल तर ‘तू’चा. भाऊ आणि बहीण दोघं मिळून आली तर? ‘ते दोघे’ दोन पुरुष, ‘त्या दोघी’ दोन बायका, आणि ‘ती दोघं’ एक पुरुष, एक बाई. म्हणून ‘भाऊ आणि बहीण आली’ हे जुन्या वळणाचं आणि शुद्ध मराठी आहे. ‘आले’ असंही आता सर्रास लिहितात. मी दोन्हींना गुण देतो. वस्तूंच्या बाबतीत मात्र ‘आणि’ असूनही जवळच्याचं ऐकलं जातं : ‘कांदा आणि भाकरी खाल्ली’, ‘भाकरी आणि कांदा खाल्ला’.

‘ना … ना’मध्ये मराठीने अडचणच ठेवली नाही. ‘ना भाव मिळाला, ना नुकसानभरपाई.’ क्रियापद पहिल्या नामाशी बोलून मोकळं होतं, दुसऱ्याला ते पुन्हा येतच नाही. मुलांना हेच वळण द्यावं. ‘ना भाव ना नुकसानभरपाई मिळाली’ चूक नाही, पण बोलताना आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं.

मध्ये घुसलेल्या शब्दसमूहाचा मराठीतला खरा फास ‘सह’ आणि ‘सोबत’मध्ये आहे. ‘मुलगा आपल्या दोन भावांसोबत यात्रेला ___.’ गेला. ‘मुलगा आणि त्याचे दोन भाऊ यात्रेला ___.’ गेले. प्रसंग एकच, माणसं तीनच. ‘भावांसोबत’वर रेघ बसते, ‘भाऊ’वर बसत नाही. हा सराव देताना ‘सरपंच तीन सदस्यांसह गेले’ असं वाक्य घेऊ नये. तिथे ‘गेले’ आदराचं आहे की संख्येचं हे कळत नाही आणि मूल चुकीच्या कारणाने बरोबर ठरतं.

आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. वऱ्हाडीत ‘तो येते’ म्हणतात, ‘बाप म्हणते’ म्हणतात. वर्तमानकाळात बाप आणि माय यांच्या क्रियापदांत फरक राहत नाही. हा वऱ्हाडीचा नियम आहे. मुलाने वहीत ‘तो येते’ लिहिलं तर त्याला प्रमाण मराठीतलं ‘तो येतो’ दाखवावं, पण त्याच्यापुढे लाल फुली मारू नये. भूतकाळात तोच मुलगा ‘बाप आला, माय आली’ बरोबर म्हणतो. लिंग त्याला कळतं. ‘बंड्यांची रांग लांबल्या’ हे मात्र वऱ्हाडीतही चूकच आहे. दोन्ही गोष्टींना एकच खूण केली तर मुलाला वाटतं की त्याची सगळी बोलीच चुकीची आहे. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत ज्या मुलांच्या घरी कोलामी बोलतात त्यांची वाट आणखी निराळी. कोलामीत क्रियापद पुरुषाला एका खान्यात ठेवतं आणि बाई, जनावर, वस्तू यांना दुसऱ्या. त्या मुलाला मराठीत दोनाचे तीन खाने करावे लागतात. त्याच्यासाठी ‘आलं’ आणि ‘आली’ यांचा सराव आधी आणि जास्त लागतो.

समूहवाचक नाम मी शेवटी ठेवलं, कारण मराठीत त्यात फारसं अवघड काही नाही. जमाव पांगला, समिती आली, जनता चिडली, सैन्य निघालं. आतली माणसं कितीही असोत, नामाचं जे लिंग आणि वचन तेच क्रियापदाचं. इंग्रजीत संघातले खेळाडू वेगवेगळे डोळ्यांपुढे आले तर अनेकवचन चालतं. मराठीत तसं करायचं तर आपण ‘संघातले खेळाडू’ असं म्हणतो आणि मग खेळाडू मोकळे होतात. ‘लोक’ तेवढा आधीपासूनच अनेकवचनी : लोक आले.

एक शब्द मात्र मला अजून एका बाजूला ठेवता आलेला नाही, तो म्हणजे ‘मंडळी’. ‘मंडळी जमली’ यावरून काहीच ठरत नाही, कारण ‘जमली’ दोन्हीकडे बसतं. ‘आहे’ जोडून पाहिलं की बोलणाऱ्यांचे दोन गट पडतात. कुणी म्हणतं ‘घरची मंडळी आली आहे’, कुणी म्हणतं ‘आली आहेत’. पहिल्याने मंडळी हा एक समूह धरला, दुसऱ्याने त्यातली माणसं पाहिली. दोन्ही रूपं चांगल्या मराठी घरांत ऐकू येतात. हा प्रश्न गाळलेल्या जागेत घालू नये. तो वर्गात मोठ्याने विचारावा आणि कोणत्या मुलाच्या घरी काय म्हणतात ते फळ्यावर लिहून घ्यावं.