गोधडी परत का आली?



आमच्या गटातल्या एका ताईंची बाळाची गोधडी परत आली. गिऱ्हाइकाचं म्हणणं, 'मोठ्या माणसाला पुरत नाही.' चूक आमचीच. ऑनलाइन दुकानात आम्ही 'सुंदर पारंपरिक खान्देशी गोधडी' एवढंच लिहिलं होतं.

मग नाव बदललं: 'बाळाची गोधडी, बेबी क्विल्ट, सुती, हातशिलाई, 90 × 100 सेंमी.' 'सुंदर' लिहून कुणी शोधत नाही. मराठी माणूस 'गोधडी' शोधतो, बाहेरचा 'बेबी क्विल्ट'. दोन्ही शब्द सुरुवातीलाच हवेत, कारण मोबाइलवर लांब नावाचं शेपूट दिसत नाही.

खाली तीन ओळी लिहिल्या, प्रत्येकीत एकच गोष्ट.
माप: एका बाळापुरती, मोठ्यांसाठी नाही.
कापड: वरून नवं सुती, आत धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचे थर.
धुणं: पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात, रंग जाऊ शकतो.

जुनी साडी लपवू नका. आत टेरिकॉटचा एक जरी थर असला, तरी नुसतं 'सुती' लिहू नका.

शेवटी, गोधडी न पाहिलेल्या शेजारणीला हे वाचून दाखवा. तिनं 'केवढी आहे गं?' विचारलं, तर ती ओळ पुन्हा लिहा.