थंडीत इडलीचे पीठ



आमच्या नाशिकच्या पौषातली गोष्ट सांगते. हळदीकुंकवाला पंचवीसजणी यायच्या होत्या. रात्री नऊ वाजता पीठ वाटून, डब्याला दोन गोधड्या गुंडाळून निश्चिंत झोपले. सकाळी सातला झाकण काढते तो पीठ जिथल्या तिथे! दहा तास गेले होते, पण वासही कच्च्या डाळीचाच. त्या दिवशी बायकांना पोह्यांवर समाधान मानावे लागले.

चूक कुठे झाली हे मागाहून उमगले. गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब फक्त राखते. नळाच्या गार पाण्यात भिजवलेले, गारच वाटलेले पीठ गोधडीत गारच राहणार. डाळ-तांदळावरचे जे सूक्ष्म जीव पीठ फुगवतात, त्यांना तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. गारव्यात त्यांचे काम मंदावते.

म्हणून ऊब आधी पिठात घालायची. आता मी तीन वाट्या उकडे तांदूळ आणि एक वाटी उडीदडाळ वेगवेगळी, कोमट पाण्यात सहा तास भिजवते. वाटतानाही पाणी कोमटच घेते. मग पीठ हाताने दोन-तीन मिनिटे फेसून निम्म्याच भरेल अशा पातेल्यात ओतते. ते मोठ्या पातेल्यात ठेवून भोवती पिठाच्या उंचीइतके पाणी घालते. पाणी बोट सुखाने ठेवता येईल इतपतच गरम हवे. चटका बसेल असे घातले तर कडेचे पीठ शिजते आणि जीवही मरतात. वर झाकण, मग गोधडी. झोपण्यापूर्वी पाणी एकदा बदलते. मीठ सकाळी घालते, कारण मिठाने फुगणे थोडे मंदावते.

आता तासांचा हिशेब. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. घरात पंचवीस अंश असतील तर बारा, वीस अंशांना सोळा ते अठरा, आणि पंधराला नुसते ठेवले तर चोवीस तासांतही खात्री नाही. वरच्या रीतीने मात्र रात्री आठचे पीठ सकाळी सात-आठला तयार होते.

घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. ते दीडपट-दुप्पट झाले, आत जाळी पडली, आंबूस वास आला आणि चमचाभर पीठ पाण्यात तरंगले, की इडल्या लावाव्यात. वर येऊन पुन्हा खाली बसले आणि नाकाला झोंबू लागले, तर फार झाले.

आणि सकाळी पीठ अर्धवटच फुगलेले दिसले तर? इडल्यांचा हट्ट धरू नये, त्या दडदडीत होतील. त्याच पिठाचे डोसे घालावेत. डोशाला इतके फुगणे लागत नाही. त्या दिवशी मला हे ठाऊक असते, तर पंचवीसजणींना पोहे खावे लागले नसते!