फवारणीचा दर आणि घड्याळ



सन २०१७ च्या पावसाळी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर मास्क-हातमोज्यांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु जो इसम शेजाऱ्याच्या शेतात मोबदल्यावर बॅटरीपंप चालवतो, त्याचा दर कोणत्या हिशेबाने ठरतो आणि त्याला थांबण्याची मुभा त्या दरात आहे की नाही, या प्रश्नाकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

समजा, डोक्याएवढी वाढलेली एक एकर कपाशी आहे, पंप सोळा लिटरांचा आहे आणि एकराला दहा पंप लागतात. नोझलमधून मिनिटाला साधारण एक लिटर द्रावण पडते असे धरले, तर एक पंप रिकामा होण्यास सोळा मिनिटे आणि औषध कालवून पुन्हा भरण्यास पाच-सहा मिनिटे, म्हणजे एकरास साडेतीन तास जातात. सकाळी सातला आरंभ केलेल्या माणसाचे एक एकर साडेदहाला आटोपते, आणि त्याच सुमारास ऊन चढून घामाने कपडे अंगाला चिकटू लागतात. पंपामागे चाळीस रुपये ठरले असल्यास त्याच्या पदरी चारशे पडतात. तेवढ्यात भागत नाही म्हणून तो भर दुपारी दुसऱ्या एकरात शिरतो, आणि अपाय बहुधा तेथेच होतो.

हातपंपाचा दांडा माणसाला दमवून थांबवत असे. बॅटरी दमत नाही, आणि बारीक तुषार उंच पिकातून थेट चेहऱ्यावर व छातीवर येतो. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाने भिजला म्हणजे विष नाकाशी धरून ठेवण्याचेच काम करतो. म्हणून योग्य मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचा अॅप्रन आणि गमबूट ही सामग्री असलीच पाहिजे. टाकीच्या झाकणाचा वायसर झिजला असल्यास पाठ नकळत भिजते, तेव्हा प्रथम साधे पाणी भरून पंप तपासावा. नोझल तुंबल्यास ते तोंडाने कदापि फुंकू नये. वारा अंगावर येत असेल तर फवारणी तहकूब करावी.

माझी सूचना एवढीच की, करार पंपावर न करता एकरावर करावा. सकाळी एक एकर, चारनंतर उजेड पुरेल तेवढेच, आणि दुपार सुटीची, असे आधीच ठरवून त्यानुसार दर वाढवून द्यावा, व सामग्रीचा खर्च शेतमालकांनी वाटून घ्यावा. चक्कर, मळमळ, लाळ सुटणे किंवा दृष्टी धूसर होणे यांपैकी काहीही दिसताच काम सोडून, कपडे काढून, साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली लेबलासह बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, कारण कोणते विष आहे हे कळल्यास डॉक्टरांना उपचार त्वरित ठरवता येतो. आणि त्या दिवसाचे उरलेले पैसे कापले जाणार नाहीत, हेही त्याच करारात नमूद असावे.