उडी मोजा, मग अक्षर शोधा

आज हाताशी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. पिंपळगाव राजा आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुली पोलीस भरतीची तयारी करतात. कितीतरी आया मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेला बसवतात. या दोन्ही परीक्षांत बुद्धिमत्ता चाचणी असते आणि तिच्यात हमखास भेटतो तो अक्षरमालिकेचा प्रश्न. ओळीनं इंग्रजी अक्षरं दिलेली असतात, मधलं एक गाळलेलं असतं, ते ओळखायचं असतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. त्यामुळे नुसतं अक्षरांकडे बघत बसून चालत नाही.

पहिली गोष्ट, या प्रश्नाला इंग्रजी यावं लागत नाही. अक्षराचा क्रमांक तेवढा यावा लागतो. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं झेडपर्यंत २६. सगळे पाठ होत नसतील तर पाच अक्षरं लक्षात ठेवा: ई, जे, ओ, टी, वाय. त्यांचे क्रमांक ५, १०, १५, २० आणि २५. बाकीची यांच्या शेजारीच सापडतात. क्यू कितवा? ओ १५, पी १६, क्यू १७. झालं.

सोप्या मालिकेत प्रत्येक उडी सारखी असते. ती मुलं चटकन सोडवतात. अडतं ते उडी वाढत जाते, कमी होत जाते किंवा आलटून पालटून बदलते तेव्हा. आता कागदावर लिहा: सी, ई, एच, मग रिकामी जागा, मग क्यू.

प्रत्येक अक्षराखाली क्रमांक लिहा. ३, ५, ८, रिकामी जागा, १७. आता दोन क्रमांकांच्या मध्ये उडी लिहा. ३ वरून ५, उडी २ ची. ५ वरून ८, उडी ३ ची. पुढची उडी कितीची? इथं घाई करू नका, कारण दोन शक्यता आहेत. उड्या वाढत असतील तर २, ३, ४, ५. आलटून पालटून असतील तर २, ३, २, ३. पहिल्या तीन अक्षरांवरून यातलं काय खरं, ते ठरवताच येत नाही.

ते ठरवतं रिकाम्या जागेच्या पलीकडचं अक्षर. एच ८ वर आहे, क्यू १७ वर. मधल्या दोन उड्या मिळून ९ व्हायला हव्यात. वाढत्या उड्या ४ आणि ५, बेरीज ९. जमलं. आलटून पालटून घेतल्या तर २ आणि ३, बेरीज ५. नाही जमलं. म्हणून ८ मध्ये ४ मिळवायचे, १२ येतात, आणि बारावं अक्षर एल. हेच उत्तर.

आता गंमत बघा. त्याच मालिकेत क्यूच्या जागी एम असता तर? एम १३ वा. ८ वरून १३, बेरीज ५. मग आलटून पालटूनचा नियम खरा ठरला असता आणि उत्तर जे आलं असतं. सुरुवातीची तिन्ही अक्षरं तीच, तरी उत्तर वेगळं. म्हणून सुरुवात बघून उत्तराला खूण करू नका. आधी पलीकडच्या अक्षराला विचारा.

इथं मुलं आणखी एका ठिकाणी फसतात. सी आणि ई यांच्या मध्ये एकच अक्षर आहे, डी. पण सी वरून ई वर जायला उडी २ ची लागते. काही जणी मधली अक्षरं मोजतात, काही उडी मोजतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त एका प्रश्नात एकच धरावी. मधली अक्षरं मोजली तर १, २, म्हणून पुढे ३ येतात. हा ३ चा आकडा उडी समजून ८ मध्ये मिळवला, तर ११ येतात आणि उत्तर के निघतं. पर्यायांत के दिलेलाही असू शकतो. चूक कळणार कशी? पुन्हा तीच बेरीज. के वरून क्यू, ६ ची उडी. २, ३, ३, ६ या उड्यांना काही चाल दिसत नाही. म्हणजे कुठंतरी गडबड झाली.

आता कमी होत जाणारी उडी घेऊ. बी, एच, एम, रिकामी जागा, टी, व्ही. क्रमांक २, ८, १३, रिकामी जागा, २०, २२. उड्या ६, ५, मग दोन माहीत नसलेल्या, आणि शेवटी २. सहा, पाच, चार, तीन, दोन अशी उतरण दिसते. १३ वरून २० म्हणजे ७, आणि ४ अधिक ३ म्हणजेही ७. जमलं. १३ मध्ये ४ मिळवले की १७, अक्षर क्यू. उडी कमी होते म्हणजे अक्षरं मागं जातात, असं मुलांना वाटतं. तसं नाही. अक्षरं पुढंच जातात, फक्त पाऊल लहान होत जातं.

अक्षर खरोखर मागं येतं ते तिसऱ्या प्रकारात. डी, जी, एफ, आय, रिकामी जागा, के. क्रमांक ४, ७, ६, ९, रिकामी जागा, ११. तीन पुढे, एक मागे, तीन पुढे. आता एक मागे, म्हणजे ८, अक्षर एच. त्यापुढे तीन पुढे गेलं की ११, के. पडताळा बसला. अशा मालिकेत क्रमांक वर-खाली होताना दिसले, की एक आड एक अक्षर वाचून बघा. डी, एफ, एच एका धाग्यात आणि जी, आय, के दुसऱ्या. दोन्ही धाग्यांत उडी २ ची. उत्तर दोन्ही वाटांनी तेच आलं, की खात्री झाली.

कधी क्रमांक २६ च्या पुढे जातो. एस, यू, एक्स आणि रिकामी जागा. १९, २१, २४, उड्या २ आणि ३. पुढची ४ ची घेतली तर २८. अठ्ठाविसावं अक्षर नाही, म्हणून २६ वजा करा. उरले २, अक्षर बी. झेडनंतर पुन्हा ए पासून मोजायचं, एवढंच.

पण इथं रिकामी जागा शेवटी आहे, पलीकडे पडताळा द्यायला कुणी नाही. २ आणि ३ नंतर पुन्हा २ ची उडीही चालेल, मग उत्तर झेड येईल. अशा वेळी पर्याय बघा. बी आणि झेड यांतलं एकच दिलेलं असेल, तर प्रश्न सुटला. दोन्ही असतील, तर तो प्रश्न बाजूला ठेवून पुढे जा आणि वेळ उरला तर परत या.

एक मालिका घरी करायला देते. ए, एफ, जे, रिकामी जागा, ओ, पी. क्रमांक लिहा, उड्या लिहा, जे वरून ओ पर्यंतची बेरीज जुळवा. उत्तर एम आलं आणि उड्या पाच, चार, तीन, दोन, एक अशा उतरल्या, की समजा तुमची रीत बरोबर आहे.